मानपत्र लिहायला बसण्याआधी गटाचे दप्तर उघडा

ग्रामसंघ, प्रभागसंघ आणि बचत गटांच्या सत्कार समित्यांमधील पदाधिकारी भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गटाला दहा-पंधरा वर्षे झाली की संस्थापिकेचा सत्कार करायचे ठरते. हॉल, पाहुणे, शाल-श्रीफळ, सन्मानचिन्ह यांची तयारी महिनाभर चालते. मानपत्र कोणी लिहायचे हा विषय मात्र कार्यक्रम दोन दिवसांवर आला की निघतो. मग कोणाला तरी घाईने निरोप जातो, किंवा दुसऱ्या गटाचे जुने मानपत्र मागवून त्यात नाव बदलले जाते. त्यात ‘महिलांचा आधारवड’, ‘अविरत झटणाऱ्या’, ‘शून्यातून विश्व’ असे सगळे असते. त्या बाईंनी नेमके काय केले, एवढेच नसते.

हे पत्र आम्ही गटांच्या वह्या लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या कार्यकर्त्या लिहीत आहोत. आमचे म्हणणे एवढेच की संस्थापिकेचे काम गटाच्या दप्तरात लिहिलेले असते. इतिवृत्त वही, रोकडवही, बचतीची आणि कर्जाची खातेवही आणि बँकेचे पासबुक समोर ठेवून दोघी-तिघी दोन दुपारी बसल्या, तर मानपत्राला लागेल तेवढा मजकूर त्यातून निघतो. तो खोडून काढणे कोणालाही शक्य नसते, कारण त्याखाली सगळ्या सदस्यांच्या सह्या आणि अंगठे असतात.

सुरुवात तारखेपासून करा. सर्वात जास्त चुका तिथेच होतात. गटाच्या तीन वेगवेगळ्या जन्मतारखा सापडतात : पहिल्या बैठकीची, बँकेत खाते उघडल्याची आणि एखाद्या योजनेत गटाची नोंद झाल्याची. मानपत्रात बहुतेक वेळा तिसरी तारीख जाते, कारण ती छापील कागदावर असते आणि चटकन सापडते. पण संस्थापिकेचे खरे काम पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मधले असते. त्या काळात गटाला ना नाव होते ना शिक्का. पैसे कोणाच्या तरी घरी डब्यात होते आणि ‘बुडवतील’ असे म्हणणारे आजूबाजूला होते. म्हणून स्थापनेची तारीख इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावरची घ्या.

योजनेचे नाव आणि वर्ष यांचा मेळही बसवून पाहा. ‘२००६ साली उमेदअंतर्गत स्थापना’ हे वाक्य चुकीचेच असणार, कारण महाराष्ट्रात उमेद अभियान २०११ साली सुरू झाले. त्याआधीचा गट स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेतला असेल, ती १९९९ पासून होती. किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाचा, म्हणजे माविमचा असेल. माविमची स्थापना १९७५ ची. एखाद्या संस्थेने बांधलेला गट पुढे उमेदमध्ये सामील झालेला असू शकतो. गट आणखी जुना असेल तर जास्तच जपून लिहा. नोंदणी नसलेल्या गटांना बँकेशी जोडण्याचा ५०० गटांचा प्रायोगिक प्रकल्प नाबार्डने १९९२ साली हाती घेतला. त्याच्या आधी अशा गटाच्या नावाने खाते उघडणे सोपे नव्हते. तेव्हा त्या काळातल्या गटाबद्दल ‘पहिल्या दिवसापासून बँकेत बचत’ असे पासबुक न पाहता लिहू नका. पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर होते आणि ते गटाच्या खात्यात कधी आले, ही नोंद मिळाली तर ती मानपत्रात यायलाच हवी. स्वतःच्या नावावरचे पैसे पै-पैच्या हिशोबासह गटाच्या नावावर करून देणे, यापेक्षा प्रामाणिकपणाचा मोठा पुरावा कोणता?

पहिल्याच पानावर आणखी एक गोष्ट दिसते. संस्थापिका एकटी होती का? अनेक गटांची पहिली बैठक माविमच्या सहयोगिनीने किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्तीने बोलावलेली असते. बायका जमवणे, घरोघर जाणे, पहिली वही विकत आणणे ही कामे मात्र गावातल्याच एका बाईने केलेली असतात. आपण जिचा सत्कार करतो ती ही दुसरी. तिच्या वाट्याचे तिला द्या, पण सहयोगिनीचा उल्लेख गाळू नका. पहिल्या पानावर सह्या करणाऱ्या बाकीच्या बायकाही समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या असतात. पहिल्या बैठकीला हजर असलेल्या सगळ्यांची नावे मानपत्रात वाचायला अर्धा मिनिट लागतो. तो वाचवू नका.

आता पैशांचे बोलू. ‘ताईंनी लाखो रुपयांचे भांडवल उभे केले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मानपत्रात असते आणि बहुतेक वेळा त्यातला आकडा चुकलेला असतो. चूक कशी होते हे एका उदाहरणावरून पाहू. समजा गटात १२ जणी आहेत, बचत दरमहा १०० रुपये आहे आणि पाच वर्षे पूर्ण झाली आहेत. सगळ्यांची मिळून बचत झाली ७२,००० रुपये. कर्ज खातेवहीतल्या सगळ्या कर्जांची बेरीज केली तर ती भरते ५,८४,०००. मानपत्र लिहिणाऱ्याला हा दुसरा आकडा कोणी तरी सांगते आणि ‘पाच लाख चौऱ्याऐंशी हजारांचे भांडवल’ असे छापून येते. प्रत्यक्षात तेच रुपये फिरून फिरून वाटले गेलेले असतात. एकीने फेडले की ते दुसरीला जातात आणि दर वेळी बेरजेत नव्याने मोजले जातात. ही उलाढाल झाली. तिचाही अभिमान बाळगावा, पण तिला भांडवल म्हणू नये.

मग गटाचे स्वतःचे किती? याच उदाहरणात सदस्यांकडून पाच वर्षांत व्याज आले ५१,६०० आणि दंड आला १,१५०. बँकेच्या कर्जावर व्याज गेले ९,८०० आणि वह्या, प्रवास वगैरे खर्च झाला २,४५०. उरले ४०,५००. ते बचतीत मिळवले की गटाचा स्वनिधी होतो १,१२,५०० रुपये. हा खरा आकडा. तो बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या बाजूने ताडून पाहा. बँकेचे ६०,००० कर्ज अजून फेडायचे आहे, म्हणजे गटाच्या हातात एकूण १,७२,५०० असायला हवेत. सदस्यांकडे येणे १,५८,०००, बँकेत शिल्लक १४,०५० आणि पेटीत रोख ४५०. बेरीज जुळली. जुळत नसेल तर मानपत्र बाजूला ठेवा आणि आधी रोकडवही तपासा. कार्यक्रम पुढे ढकलता येतो, चुकीचा आकडा माइकवरून बोलला गेला की परत घेता येत नाही.

बँकेचे कर्ज हे गटाचे उत्पन्न नव्हे, हेही सत्काराच्या भरात विसरले जाते. ‘ताईंनी गटाला दोन लाख मिळवून दिले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते दोन लाख व्याजासह परत करायचे असतात. त्यात ताईंचे काम आहे ते वेगळे. सहा महिने बैठका, बचत आणि परतफेड नियमित ठेवून गट मूल्यमापनात उतरवणे, हे ते काम. तसेच लिहा.

‘शंभर टक्के वसुली’ या शब्दांबाबत विशेष काळजी घ्या. कर्ज खातेवहीत एकाच तारखेला एकीचे जुने कर्ज पूर्ण फिटलेले आणि त्याच दिवशी तिलाच त्याहून मोठे नवे कर्ज दिलेले दिसले, तर ते बहुधा नवे-जुने केलेले असते. रोख पैसा हलतच नाही, फक्त वहीत पाने बदलतात. अशा दोन-तीन नोंदी सापडल्या तर वसुलीच्या टक्केवारीचा उल्लेखच टाळावा. लगेच संस्थापिकेवर संशय घेण्याचे कारण नाही. अनेकदा आजारपणात अडकलेल्या बाईला सांभाळून घेण्यासाठी सगळ्यांनी मिळून तो मार्ग काढलेला असतो. पण जे झाले नाही ते झाले म्हणून वाचणे हा त्या बाईंचाही अपमान आहे.

आकडे जुळले की दप्तर पुन्हा पहिल्यापासून वाचा, या वेळी ठरावांसाठी. गट चालवणाऱ्या बाईची ओळख तिच्या एखाद-दुसऱ्या निर्णयात असते. तो निर्णय इतिवृत्त वहीत दोन ओळींत लिहिलेला असतो आणि त्याचा परिणाम कर्ज खातेवहीत पुढची अनेक पाने दिसतो. मानपत्राचा गाभा म्हणून असा एकच ठराव निवडा आणि तो नीट उलगडून सांगा. दहा गोष्टी ओझरत्या सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

कोणता निर्णय असा असू शकतो, याचा एक नमुना व्याजाच्या हिशोबातला आहे. बहुतेक गट सुरुवातीला शेकडा दोन रुपये दरमहा व्याज घेतात आणि ते मूळ कर्जावरच शेवटपर्यंत लावतात, कारण हिशोब तोंडी करता येतो. समजा ६,००० रुपये कर्ज आहे आणि ६०० रुपयांचे १० हप्ते आहेत. दर महिन्याला व्याज १२०, म्हणून दहा महिन्यांत १,२००. पण पहिला हप्ता भरल्यावर त्या बाईकडे ५,४०० च उरलेले असतात. शेवटच्या महिन्यात तर ६०० रुपये वापरत असताना ती ६,००० चे व्याज भरते. शिल्लक रकमेवर व्याज लावले तर पहिल्या महिन्यात १२०, मग १०८, मग ९६, असे उतरत शेवटच्या महिन्यात १२ होते. एकूण ६६०. एकाच कर्जात बाईचे ५४० रुपये वाचतात.

आता हा निर्णय घेणाऱ्या संस्थापिकेची अडचण लक्षात घ्या. व्याज हे गटाचेच उत्पन्न असते. ते जवळजवळ निम्म्यावर आणायचे म्हणजे ज्या जणी फक्त बचत करतात आणि कर्ज घेत नाहीत, त्यांचा तोटा. शिवाय दर महिन्याला प्रत्येकीचा हिशोब नव्याने मांडायचा, म्हणजे वही लिहिणारीचे काम वाढले. तरीही ठराव झाला असेल, तर त्यासाठी तीन-चार बैठका चर्चा झालेली असते आणि ती इतिवृत्तात दिसते : ‘विषय पुढील बैठकीत घ्यावा’, ‘पुन्हा चर्चा’, आणि मग एका महिन्यात ‘सर्वानुमते मंजूर’. त्यानंतर कर्ज खातेवहीच्या व्याजाच्या रकान्यात बदल दिसतो. आधीच्या पानांवर १२०, १२०, १२० अशी सरळ रांग असते आणि त्या पानापासून १२०, १०८, ९६, ८४ असे आकडे उतरायला लागतात. त्या रांगेचे वर्णन मानपत्रात करा. सभागृहातल्या प्रत्येक सदस्येला ते कळेल, कारण तो उतरता आकडा तिने स्वतः भरलेला असतो.

अर्थात तुमच्या गटात हाच ठराव असेल असे नाही. दारूमुळे घरात पैसा टिकत नाही म्हणून बैठकीचा दिवस मजुरीच्या दिवसाला लागून ठेवलेला असेल. गट सोडून जाणाऱ्या सदस्येला बचतीबरोबर व्याजातला वाटाही द्यावा, असे ठरलेले असेल. हा विषय गटांमध्ये सर्वात जास्त भांडणे लावतो, आणि तो भांडणाच्या आधी नियमात बसवणे हे दूरदृष्टीचे लक्षण आहे. ठराव कोणताही असो, तीन गोष्टी लिहा : आधी काय चालत होते, काय ठरले, आणि त्यानंतर वहीत काय बदलले.

संस्थापिकेचे स्वतःचे खातेही वाचा. तिचा सदस्य क्रमांक बहुधा एक असतो. पहिले कर्ज कोणाला गेले, तिला की दुसऱ्या कोणाला? तिचे स्वतःचे पहिले कर्ज कितव्या क्रमांकाचे आहे? तिला कधी दंड लागला आहे का? गैरहजेरीचे दहा रुपये किंवा हप्ता उशिरा भरल्याचा दंड तिच्या नावासमोर लिहिलेला असेल, तर ती नोंद सन्मानचिन्हापेक्षा मोलाची आहे. अध्यक्षांनाही नियम लागू होता, हे त्या एका ओळीत सिद्ध होते. ती वाचायची की नाही हे मात्र त्यांना विचारून ठरवा. बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतात.

आणि आता एक मुद्दा, जिथे आपली मानपत्रे नकळत चुकीच्या गोष्टीचे कौतुक करतात. ‘गेली १५ वर्षे अखंड अध्यक्षपद भूषवणाऱ्या’ असे आपण मोठ्या आवाजात वाचतो. पण गटाच्या नियमांनुसार अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष ठरावीक मुदतीने बदलायला हवेत. पंधरा वर्षे एकाच बाईची सही बँकेत चालत असेल, तर गट तिच्यावर टेकलेला आहे. ती आजारी पडली की पैसे काढता येत नाहीत, कर्ज थांबते आणि बैठका विरळ होतात. ‘ताईंशिवाय गटाची कल्पनाच करवत नाही’ हे वाक्य प्रेमाने लिहिलेले असले तरी मूल्यमापन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कानाला ती धोक्याची सूचना असते.

खरी संस्थापिका ओळखायची असेल तर सही बदलल्याचा ठराव शोधा. त्यात जुन्या पदाधिकाऱ्यांची नावे, नव्यांची नावे आणि बँकेला द्यायच्या ठरावाच्या प्रतीचा उल्लेख असतो. नव्या सहीदारांची ओळखपत्रे, फोटो आणि नमुना सह्या बँकेत दिल्यानंतरच बदल पूर्ण होतो. अनेक गटांत ठराव झालेला असतो, पण बँकेत जुनीच सही चालू असते. तेव्हा दोन्ही तपासा. याहून सोपी खूण म्हणजे इतिवृत्त वहीतले हस्ताक्षर. पहिली दोन वर्षे एकच अक्षर दिसते. मग मध्येच एक मोठे, वेलांट्या चुकलेले, खाडाखोड असलेले अक्षर सुरू होते आणि वर्षभरात ते सुधारत जाते. पुढे तिसरे येते. संस्थापिकेने स्वतः लिहिणे थांबवून दुसरीला लिहायला बसवले, त्या दिवशी गट तिच्यानंतरही टिकण्याची सोय झाली. ते पान सापडले तर मानपत्रात त्याला जागा द्या, आणि ज्या बाईचे ते वाकडे अक्षर होते तिलाच मानपत्र वाचायला सांगा. पाहुण्यांच्या खणखणीत आवाजापेक्षा ते जास्त शोभते.

काय वाचायचे नाही हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कर्ज कशासाठी घेतले याचा रकाना गटाच्या विश्वासावर भरलेला असतो. नवऱ्याचे आजारपण, मुलीचे बाळंतपण, सावकाराकडे गहाण पडलेले मंगळसूत्र सोडवणे, अशा गोष्टी तिथे असतात. त्या भावनिक असतात म्हणून मानपत्रात घालाव्याशा वाटतात. घालू नका. नाव न घेता सांगितले तरी गावात कोणाला कळायचे राहत नाही आणि सभागृहात तिची जाऊ-नणंद बसलेली असते. ‘आजारपण, शिक्षण, शेती आणि जनावरे यांसाठी कर्जे दिली’ एवढे पुरते. एखादी सदस्य स्वतः उठून बोलणार असेल तर तो तिचा अधिकार, पण तिचे आपण लिहायचे नाही. थकबाकीदार आणि गट सोडून गेलेल्या बायका यांचा उल्लेखही नको, कौतुकाच्या ओघातही नको.

मजकूर कसा वाटावा याचा अंदाज यावा म्हणून वरच्याच उदाहरणावर बेतलेला एक तुकडा इथे देतो. तारखा आणि आकडे आपल्या गटाचे घाला, शब्दही आपलेच वापरा.

‘ताई, आपल्या वहीच्या पहिल्या पानावर बारा जणींची नावे आहेत आणि त्यांतल्या सात जणींचे अंगठे आहेत. त्या दिवशी आपण प्रत्येकी शंभर रुपये दिले आणि बाराशे रुपये जमले. पहिले कर्ज तुम्ही घ्या असे सगळ्या म्हणाल्या, तुम्ही ते दुसरीला द्यायला लावलेत. तुमचे स्वतःचे पहिले कर्ज वहीत नववे आहे. तिसऱ्या वर्षी तुम्ही व्याजाचा विषय काढलात. चार बैठका तो पुढे गेला. ज्यांचा तोटा होणार होता त्यांच्या घरी तुम्ही गेलात आणि सहा हजारांच्या कर्जाचा हिशोब पाटीवर मांडून दाखवलात. पाचव्या बैठकीत सगळ्यांनी हात वर केले. तेव्हापासून आपल्यापैकी प्रत्येकीचा व्याजाचा आकडा दर महिन्याला खाली येतो. आज आपल्या गटाचा स्वतःचा निधी एक लाख साडेबारा हजार रुपये आहे. त्यात आपल्या बचतीचे बहात्तर हजार आहेत आणि उरलेले आपण आपल्यालाच दिलेल्या कर्जांवरचे आहेत. चौथ्या वर्षी तुम्ही बँकेतली सही सोडलीत आणि वही दुसरीच्या हातात दिलीत. तिच्या चुका तुम्ही लाल शाईने खोडल्या नाहीत, शेजारी बसून तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतल्यात.’

या तुकड्यात कौतुकाचे एकही विशेषण नाही, हे मुद्दाम केले आहे. प्रत्येक वाक्याला वहीतले पान किंवा बैठकीत बसलेल्या बाईची साक्ष आहे. घरी जाणे, पाटीवर हिशोब मांडणे या गोष्टी वहीत नसतात, त्या जुन्या सदस्यांना विचारून घ्याव्या लागतात. असे विचारताना एकाच गोष्टीची दोघींकडून खात्री करा. संस्थापिकेवरच्या प्रेमापोटी आठवणी मोठ्या होतात आणि कोणी तरी मागाहून ‘असे काही झालेच नव्हते’ म्हणाले तर सगळे मानपत्रच हलके होते.

ऐकवायचे मानपत्र पाच-सहा मिनिटांत संपावे, म्हणजे सहाशे-सातशे शब्द. त्यात तीन-चार आकड्यांपेक्षा जास्त नकोत, आणि ते अक्षरांत लिहा, म्हणजे वाचणारी अडखळत नाही. चौकटीत बसवून द्यायचे मानपत्र वेगळे करा. त्याला दीडशे शब्द पुरतात : स्थापनेची तारीख, तो एक ठराव आणि सर्व सदस्यांच्या सह्या. दोन्ही मजकूर छपाईला देण्याआधी गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. नावांतले ऱ्हस्व-दीर्घ, सासरचे-माहेरचे आडनाव, हयात नसलेल्या सदस्येच्या नावाआधीचे ‘कै.’ राहणे, या चुका तिथेच सापडतात. संस्थापिकेला मजकूर आधी दाखवू नये असा आग्रह काही ठिकाणी असतो. सगळा दाखवू नका, पण त्यांच्या खात्यातले जे वाचणार आहात ते विचारून घ्याच.

शेवटी खर्च. सत्काराचा खर्च गटनिधीतून परस्पर करू नका. तो निधी सदस्यांच्या बचतीचा आहे, त्यात कर्जासाठी थांबलेल्या बाईचे पैसेही आहेत. वर्गणी स्वेच्छेने काढा, तिचा हिशोब वेगळ्या पानावर ठेवा आणि कोणी किती दिले हे जाहीर करू नका. गटनिधीतून काही खर्च करायचाच असेल, तर आधी रकमेसह ठराव घ्या, पावत्या ठेवा आणि रोकडवहीत ‘वर्धापनदिन खर्च’ म्हणून त्याच दिवशी लिहा. ज्या बाईने आयुष्यभर दहा रुपयांच्या दंडाची पावती फाडली, तिच्या सत्काराचा खर्च बिनपावतीचा निघाला तर लेखापरीक्षणात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

आमच्या तुमच्याकडे तीन विनंत्या आहेत. सत्काराची तारीख ठरवतानाच मानपत्रासाठी पंधरा दिवस आणि दोन सदस्य नेमा, आणि त्या दोघींना गटाचे पूर्ण दप्तर पाहू द्या. प्रभागसंघाने छापील मानपत्राचा ठरलेला नमुना गटांना पाठवणे थांबवावे, कारण त्यात रिकाम्या जागी फक्त नाव भरले जाते. आणि कार्यक्रमात वाचलेल्या मानपत्राची एक प्रत पुढच्या बैठकीत इतिवृत्त वहीला चिकटवून, त्यावर तारीख घालून सर्वांच्या सह्या घ्या. गटात उद्या येणाऱ्या मुलीला नियम कोणी आणि का केले हे विचारावेसे वाटले, तर तिला ते तिथे वाचता येईल.

आपल्या,
बचत गटांचे हिशोब लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या कार्यकर्त्या